पगार पौंडात, काम वडोदऱ्यात: कर कुठे आणि किती?

आजचा विषय घरून काम करणाऱ्यांचा आहे, पण सगळ्यांचा नाही. ज्यांची कंपनी परदेशात आहे, पगार पौंडात किंवा डॉलरमध्ये ठरला आहे आणि काम मात्र इंदूर, हैदराबाद, वडोदरा किंवा बेळगावातल्या घरी बसून होतं, त्यांच्यासाठी हा भाग आहे. त्यांना दोन प्रश्न पडतात. या पगारावर भारतात कर लागतो का? आणि तिकडे कर कापला गेला असेल, तर इथे पुन्हा भरायचा का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याच्या उत्तरात लोक लाखांनी चुकतात. म्हणून आज घरचंच उदाहरण घेतो.

माझी मामेबहीण लंडनच्या एका कंपनीत नोकरीला होती. २०२२च्या सप्टेंबरमध्ये ती तिकडे गेली. मामांची तब्येत बरी नसते, म्हणून १ ऑगस्ट २०२५ला ती वडोदऱ्याला, दांडिया बाजारातल्या घरी परत आली. कंपनीने नोकरी तशीच चालू ठेवली आणि सांगितलं, "काम तेच, आता घरून करा." पगार महिना ३,५०० पौंड. कंपनीच्या पगार विभागाने फक्त पत्ता बदलला, बाकी सगळं पहिल्यासारखंच चालू राहिलं. दर महिन्याला तिकडचा आयकर ४९०.५० पौंड आणि नॅशनल इन्शुरन्स १९६.२० पौंड कापून २,८१३.३० पौंड तिच्या खात्यात पडत होते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. घर दुरुस्तीला काढायचं होतं, हाताशी किती पैसे आहेत ते बघत होती. म्हणाली, "दादा, कर तिकडे कापला जातोच आहे. इथे मला काही भरायचं नाही ना?"

मी म्हटलं, "अगं, आधी सांग, ऑगस्टपासून काम कुठे बसून करतेस?"

"वडोदऱ्यात."

"मग ऑगस्टपासूनचा पगार वडोदऱ्यातला आहे."

पगार तिथला, जिथे काम केलं

मंडळी, या विषयाची किल्ली इथेच आहे. पगार कुठून येतो, कोणत्या चलनात येतो, कोणत्या देशातल्या खात्यात पडतो, यावरून तो कुठला हे ठरत नाही. काम करताना माणूस कुठे होता, यावरून ठरतं. १९६१च्या आयकर कायद्याचं कलम ९ सांगतं की भारतात दिलेल्या सेवेबद्दलचा पगार हा भारतात मिळवलेला पगार समजायचा. त्यामुळे "मी पैसे भारतात आणलेच नाहीत, लंडनच्या खात्यातच ठेवले" या म्हणण्याला अर्थ राहत नाही. पैसे तिकडे ठेवले तरी कर इथे लागतो.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट बघायची, ती म्हणजे तुम्ही भारताचे रहिवासी आहात का. आर्थिक वर्षात भारतात १८२ किंवा त्याहून अधिक दिवस असाल, तर त्या पूर्ण वर्षासाठी तुम्ही रहिवासी ठरता. बहीण १ ऑगस्टला आली. तिथून ३१ मार्चपर्यंत २४३ दिवस होतात. म्हणजे २०२५-२६ या संपूर्ण वर्षासाठी ती रहिवासी झाली. हे अर्ध्या वर्षापुरतं नसतं, हे लक्षात घ्या. रहिवाशाचं जगभरातलं उत्पन्न भारतात करपात्र असतं, त्यामुळे एप्रिल ते जुलैमध्ये लंडनला बसून कमावलेला पगारही इथल्या हिशेबात आला.

इथे एक अपवाद सांगून ठेवतो. जे बरीच वर्षं बाहेर होते, म्हणजे आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं अनिवासी होते किंवा आधीच्या सात वर्षांत मिळून भारतात ७२९ किंवा त्याहून कमी दिवस होते, त्यांना 'रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नाही' असा मधला दर्जा मिळतो. त्यांनी परतण्यापूर्वी बाहेर काम करून बाहेरच घेतलेला पगार इथे करपात्र होत नाही. पण परतल्यानंतर इथे बसून कमावलेला पगार त्यांनाही करपात्रच आहे. बहीण तीनच वर्षं बाहेर होती, त्यामुळे हा दर्जा तिला लागू नव्हता.

रुपयांत किती धरायचं?

पौंडाचे रुपये करताना दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे बँकेत जमा झालेली रक्कम धरणं. खात्यात २,८१३.३० पौंड आले, पण उत्पन्न आहे ३,५०० पौंड. तिकडे कापलेला कर हाही तुमच्याच पगाराचा भाग आहे. आधी पूर्ण पगार दाखवायचा, कापलेल्या कराचं काय करायचं ते पुढे बघायचं.

दुसरी चूक म्हणजे बँकेने ज्या दराने रुपये दिले तोच दर धरणं. पगार परकीय चलनात ठरलेला असेल, तर आयकर नियम ११५ दर ठरवून देतो. पगार ज्या महिन्यात देय झाला, त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा स्टेट बँकेचा टेलिग्राफिक ट्रान्सफर खरेदी दर घ्यायचा. बँकेच्या दरपत्रकावर तो TT BUY या रकान्यात असतो. ऑगस्टच्या पगाराला ३१ जुलैचा दर आणि सप्टेंबरच्या पगाराला ३१ ऑगस्टचा दर, असं चालतं. २०२५च्या ३१ ऑगस्टला रविवार होता. अशा वेळी त्याआधीच्या शेवटच्या उपलब्ध पत्रकाचा दर घेण्याचा प्रघात आहे. दर महिन्याचं ते पत्रक त्याच महिन्यात जपून ठेवा. वर्षाअखेरीस बारा जुनी पत्रकं शोधणं कटकटीचं होतं.

आपल्या हिशेबासाठी मी वर्षभर एकच दर धरतो, पौंडाला १०५ रुपये. प्रत्यक्षात बारा महिन्यांचे बारा दर येतील. वर्षाचा पगार ४२,००० पौंड, म्हणजे ४४,१०,००० रुपये. नव्या करप्रणालीत पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. राहिले ४३,३५,०००. २०२५-२६च्या टप्प्यांप्रमाणे पहिल्या २४ लाखांवर कर होतो ३,००,००० रुपये. उरलेल्या १९,३५,०००वर ३० टक्क्यांनी ५,८०,५००. बेरीज ८,८०,५००, त्यावर ४ टक्के उपकर ३५,२२०. एकूण भारतीय कर ९,१५,७२० रुपये.

आकडा ऐकून बहीण गप्प झाली. मग म्हणाली, "ठीक आहे, पण तिकडे कापलेला यातून वजा होईल ना? दोन देशांचा करार आहे म्हणतात."

एप्रिल ते नोव्हेंबर, आठ महिन्यांत तिकडे आयकर कापला गेला होता ३,९२४ पौंड, म्हणजे ४,१२,०२० रुपये. तिने मनातल्या मनात वजाबाकी करून टाकली होती. सव्वाचार लाखांच्या आसपासची ती रक्कम वजा होणार, या हिशेबावर सुताराला आगाऊ पैसे द्यायची तयारी होती. मी म्हटलं, "थांब. यातले तीस हजार वजा होतील. बाकीचे इथे नाही, तिकडे मागायचे."

करार काय देतो आणि काय देत नाही

भारत आणि ब्रिटन यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार १९९३ साली झाला. त्याचा अर्थ लोक असा लावतात की कुठेही भरला तरी एकदाच भरायचा, उरलेला देश समजून घेईल. करार तसा नाही. करार आधी विचारतो की या उत्पन्नावर कर घ्यायचा हक्क कोणाला आहे. एकाच देशाला असेल, तर दुसऱ्याने घ्यायचाच नाही. दोघांना असेल, तर राहत्या देशाने दुसऱ्या देशातल्या कराची वजावट द्यायची. बहिणीच्या एकाच वर्षाच्या पगारात या दोन्ही गोष्टी आल्या, म्हणून तिचा पगार दोन तुकड्यांत बघावा लागतो.

पहिला तुकडा एप्रिल ते जुलैचा. काम लंडनमध्ये केलं, कंपनी लंडनची. कराराच्या सोळाव्या अनुच्छेदाप्रमाणे जिथे नोकरी प्रत्यक्ष केली, त्या देशाला कर घेण्याचा हक्क आहे. म्हणून ब्रिटनचा कर योग्य. भारतही रहिवासी म्हणून कर घेतो, पण चोविसाव्या अनुच्छेदाप्रमाणे ब्रिटनच्या कराची वजावट देतो. खरी दुहेरी करसवलत ती ही.

दुसरा तुकडा ऑगस्टपासूनचा. काम वडोदऱ्यात केलं, राहणंही वडोदऱ्यात. इथे तोच सोळावा अनुच्छेद सांगतो की कर फक्त भारताने घ्यायचा. कंपनी लंडनची आहे, एवढ्यावरून ब्रिटनला हक्क मिळत नाही. मग ऑगस्ट ते नोव्हेंबर कापलेले १,९६२ पौंड? ते चुकून कापले गेले. आणि जो कर त्या देशाने कराराप्रमाणे घ्यायलाच नको होता, त्याची वजावट भारत देत नाही. आयकर नियम १२८ स्पष्ट सांगतो की करारानुसार देय असलेल्या रकमेपेक्षा जास्त कर परदेशात भरला असेल, तर ती जादा रक्कम हिशेबात धरायची नाही. इथे कराराप्रमाणे देय शून्य, म्हणून वजावटही शून्य.

बहीण चिडली. "म्हणजे दोन्हीकडे मीच भरू?"

"नाही गं. दोन्हीकडे भरायचा नाही. चुकीच्या ठिकाणी भरलेला परत मागायचा."

चार महिन्यांची वजावट किती?

आता पहिल्या तुकड्याकडे वळू, कारण तिथेही एक खाच आहे. एप्रिल ते जुलै चार महिन्यांत तिकडे १,९६२ पौंड कापले गेले. मग तेवढी वजावट मिळणार का? तेवढीही नाही.

ब्रिटनमध्ये पगारातून कर कापताना गृहीत धरतात की हा पगार वर्षभर चालणार. वर्षाला १२,५७० पौंड करमुक्त असतात, ते बारा महिन्यांत वाटले जातात. तिथलं करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल असतं. बहिणीने करवर्षाच्या मधेच देश सोडला. अटी पूर्ण होत असतील, तर तिथला कायदा अशा वर्षाचे दोन भाग करतो, राहते होतात तो आणि बाहेर गेलात तो. मग तिचं ब्रिटनमधलं करपात्र उत्पन्न उरलं चार महिन्यांचं, १४,००० पौंड, आणि त्याच्यासमोर वर्षाचे पूर्ण १२,५७० पौंड करमुक्त. उरले १,४३० पौंड. त्यावर २० टक्क्यांनी कर झाला २८६ पौंड. ब्रिटनचा खरा कर एवढाच.

कापला १,९६२, देय २८६. मधला फरक परत मिळण्याजोगा आहे, आणि जो परत मिळू शकतो तो तिकडचा खरा कर नव्हेच. म्हणून इथली वजावट २८६ पौंडांची, म्हणजे ३०,०३० रुपयांची. (करासाठी दर घेताना कर ज्या महिन्यात कापला, त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा घेतात.)

नियम १२८ आणखी एक मर्यादा घालतो. त्याच उत्पन्नावरचा भारतीय कर आणि परदेशी कर, यांत जो कमी असेल तेवढीच वजावट मिळते. चार महिन्यांचा पगार वर्षाच्या एक तृतीयांश, म्हणून त्यावरचा भारतीय कर सुमारे ३,०५,२४० रुपये. ३०,०३० त्याहून कमी, म्हणून पूर्ण मिळते. इथे भरायचा कर झाला ९,१५,७२० वजा ३०,०३०, म्हणजे ८,८५,६९० रुपये. आणि ब्रिटनकडून परत मागायचे ३,९२४ वजा २८६, म्हणजे ३,६३८ पौंड. रुपयांत ३,८१,९९०. पैसे बुडाले नाहीत, पण ते लंडनहून यायचे आहेत आणि यायला वेळ लागेल. सुताराचा बेत पुढे गेला, तो यामुळे.

नॅशनल इन्शुरन्सबद्दलही तिने विचारलं. तो आयकर नाही आणि करकरारात येत नाही. त्याची वजावट भारतीय आयकरातून मिळत नाही. त्याचे नियम वेगळे आहेत, त्याबद्दल कंपनीच्या पगार विभागाशी वेगळं बोलावं लागतं.

तिकडे काय करायचं

कंपनीला सांगितलं की "कापू नका", एवढ्याने काम होत नाही. ब्रिटनमध्ये कोणाचा किती कर कापायचा, याचा सांकेतिक क्रमांक तिथलं महसूल खातं, म्हणजे एचएमआरसी, कंपनीला कळवतं. कंपनी तो मनाने बदलू शकत नाही. म्हणून देश सोडल्याचं एचएमआरसीला कळवावं लागतं. त्यासाठी पी८५ हा अर्ज आहे. त्यात देश सोडल्याची तारीख द्यायची आणि ब्रिटिश कंपनीची नोकरी परदेशात राहून चालू आहे हे सांगायचं. पटलं तर खातं कंपनीला NT हा संकेत पाठवतं. त्याचा अर्थ, कर कापू नका. पुढच्या पगारपत्रकावर हा संकेत दिसतो का, ते बघा. NTच्या जागी जुनाच आकडा दिसत असेल, तर काम झालेलं नाही असं समजायचं.

आधी कापलेला कर याच मार्गाने किंवा तिथलं विवरणपत्र भरून परत मागता येतो. त्या विवरणपत्राला निवासाविषयीची पुरवणी पानं जोडावी लागतात. मुदत त्या करवर्षाच्या अखेरीपासून चार वर्षांची असते. भारतात रहिवासी असल्याचा दाखला मागितला, तर आपल्या आयकर खात्याकडे फॉर्म १०एफएने अर्ज करायचा. दाखला फॉर्म १०एफबीमध्ये मिळतो.

परत आलेले हे पौंड इथे पुन्हा उत्पन्न धरायचे का? नाही. आपण सुरुवातीलाच पूर्ण ३,५०० पौंड उत्पन्नात दाखवले होते, त्यातलेच ते आहेत. ज्यांनी बँकेत आलेली रक्कमच दाखवली असते, त्यांचा घोळ इथे होतो.

इथे काय करायचं

भारतात पगारातून कर कापायची जबाबदारी मालकाची असते. पण ज्या परदेशी कंपनीचं इथे कार्यालय नाही, ती बहुधा इथला कर कापत नाही. कापला नाही म्हणून तुमची जबाबदारी जात नाही. मग आगाऊ कर स्वतः भरायचा. वर्षाचा देय कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. आयुष्यभर नोकरी केलेल्यांना हे माहीत नसतं, कारण त्यांच्यासाठी ते काम कंपनी करत आलेली असते.

बहिणीचा फोन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला, हे तिचं नशीब. जून आणि सप्टेंबरचे हप्ते गेले होते. त्यावर महिना १ टक्क्याने तीन-तीन महिन्यांचं व्याज लागतं. जूनच्या १,३२,८५४ रुपयांवर सुमारे ३,९८६ आणि सप्टेंबरच्या ३,९८,५६१वर सुमारे ११,९५७, मिळून सोळा हजारांच्या आत. तिने १५ डिसेंबरपूर्वी ७५ टक्के, म्हणजे ६,६४,२६८ रुपये भरले आणि उरलेले २,२१,४२२ मार्चच्या हप्त्यात. हेच सगळं जुलैत विवरणपत्र भरताना केलं असतं, तर चारही हप्त्यांचं व्याज आणि एप्रिल ते जुलैचं वेगळं व्याज मिळून आकडा ऐंशी हजारांवर गेला असता.

विवरणपत्र आयटीआर-२ भरायचं. लंडनमधलं बँक खातं चालू आहे, म्हणून आयटीआर-१ चालत नाही. त्यात पगार दोन जागी नीट वेगळा ठेवायचा. वर्षाचा सगळा पगार पगाराच्या रकान्यात येतो. पण परदेशी उत्पन्नाच्या परिशिष्टात, म्हणजे शेड्यूल एफएसआयमध्ये, फक्त एप्रिल ते जुलैचे १४,००० पौंड दाखवायचे. ऑगस्टनंतरचा पगार परदेशी उत्पन्न नाही, ते वडोदऱ्यातलं उत्पन्न आहे. पूर्ण ४२,००० पौंड तिथे टाकणं आणि कापलेला सगळा कर समोर लिहिणं, ही मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. वजावट नाकारली जाते आणि मागणीची नोटीस येते ती त्यामुळे.

वजावट हवी असेल तर फॉर्म ६७ ऑनलाइन भरावा लागतो. २०२२मध्ये झालेल्या बदलानंतर विवरणपत्र मुदतीत भरलेलं असेल, तर हा फॉर्म करनिर्धारण वर्ष संपेपर्यंत देता येतो. या वर्षापुरती ती तारीख ३१ मार्च २०२७. तरी मी सांगतो, विवरणपत्राच्या आधीच भरा, म्हणजे दोन्हींतले आकडे जुळतात. सोबत तिकडच्या कराचा पुरावा जोडायचा: पगारपत्रकं, कंपनीचा वार्षिक दाखला आणि मिळाला असेल तर एचएमआरसीचा अंतिम हिशेब. २८६ पौंडांचा आकडा त्या हिशेबातूनच सिद्ध होतो.

लंडनचं खातं परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात, शेड्यूल एफएमध्ये, दाखवायचं. तिथे आर्थिक वर्ष नसून १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असं वर्ष धरतात. खात्यात थोडेच पौंड आहेत म्हणून वगळू नका. काळा पैसा कायद्याखाली न दाखवल्याबद्दल १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४पासून स्थावर सोडून बाकी मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही, पण दाखवण्याचं बंधन तसंच आहे. आणि देशोदेशीच्या बँक खात्यांची माहिती आता सरकारं आपसात आपोआप देत असतात, ब्रिटनही देतं.

लंडनची छोटी फेरी

शेवटी तिने विचारलं, "दादा, फेब्रुवारीत कंपनी तीन आठवडे ऑफिसला बोलावते आहे. १८३ दिवसांच्या आत असेल तर तिकडे कर लागत नाही ना?"

हा समज फार पसरलेला आहे. १८३ दिवसांची सवलत करारात आहे, पण तिच्या बाकीच्या अटी कोणी वाचत नाही. पगार देणारा मालक त्या दुसऱ्या देशाचा रहिवासी नसावा, ही त्यातली एक. भारतीय कंपनीने कर्मचाऱ्याला लंडनला पाठवलं, तर ही सवलत मिळू शकते. बहिणीची कंपनी लंडनचीच. म्हणून तीन आठवडे तिथे बसून काम केलं, तर त्या दिवसांच्या पगारावर ब्रिटनचा हक्क येतो. तिथे खरोखर किती कर होईल, हे तिच्या तिथल्या वर्षाच्या हिशेबावर ठरेल, आणि जो होईल त्याची वजावट भारतात मिळेल, पहिल्या तुकड्यासारखीच. म्हणून मी तिला एक वही घालायला सांगितली. कोणत्या दिवशी कुठे बसून काम केलं, विमानाची तिकिटं, पासपोर्टावरचे शिक्के, सगळं त्यात. पुढे प्रश्न आला, तर उत्तर त्या वहीतच असेल.

ज्यांच्या करारपत्रात 'कर्मचारी' नसून 'सल्लागार' किंवा 'कंत्राटी' लिहिलं आहे, त्यांना आजचा हिशेब जसाच्या तसा लावू नका. त्यांचं उत्पन्न पगार नसून व्यवसायाचं असतं. प्रमाणित वजावट नाही, चलनाच्या दराचा दिवस वेगळा, करारातला अनुच्छेद वेगळा, शिवाय जीएसटीचा प्रश्न. तो वेगळ्या भागाचा विषय आहे. ज्या देशाशी भारताचा करारच नाही, तिथे कलम ९१खाली सवलत मिळते, पण मूळ प्रश्न तोच राहतो की काम कुठे बसून केलं.

आणि एक. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा आयकर कायदा लागू आहे. मी सांगितलेली कलमं, नियम आणि फॉर्म २०२५-२६ या वर्षाच्या विवरणपत्रासाठी १९६१च्या कायद्यातले आहेत. पुढच्या वर्षांसाठी क्रमांक बदलतील, ते तपासून घ्या. पगार काम केल्या जागी कमावला जातो, हे तत्त्व नव्या कायद्यातही तेच आहे.

बहिणीच्या जानेवारीच्या पगारपत्रकावर NT आला. मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, पूर्ण पगार आला." मी उलट लिहिलं, "पूर्ण तुझा नाही. मार्चचा हप्ता बाजूला काढून ठेव." ज्या महिन्यात तिकडचं कापणं थांबतं, त्याच महिन्यापासून हातात जास्त पैसे दिसू लागतात, आणि त्यातला मोठा वाटा इथल्या कराचा असतो. तो वेगळ्या खात्यात टाकत गेलात, तर १५ तारीख जवळ आली की धावपळ होत नाही.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.